पडद्यावरचे ७८ टक्के आणि रापणीतले वाटे

मालवण तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते. दोन वर्षांपूर्वी बारावीच्या मुलांना आपल्या गावातल्या एखाद्या व्यवसायावर इंग्रजीत चार पानं लिहून आणायला सांगितलं होतं. एका मुलीने रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीवर लिहिलं. तिचं घर किनाऱ्यालाच, वडील आणि काका रापणीला जाणारे. लेखन नीट होतं, शुद्ध होतं, पण गुळगुळीत होतं. तेव्हा स्टाफरूममध्ये एआयचं लेखन ओळखणाऱ्या एका फुकट साधनाची चर्चा चालू होती. मी तिची पानं त्यात घातली. पडद्यावर लाल पट्टी आली : ७८ टक्के.

दुसऱ्या दिवशी वर्गात, सगळ्यांसमोर, मी तिला विचारलं, "हे तू लिहिलंस का?" ती उभी राहिली. "हो" म्हणाली नाही, "नाही" म्हणाली नाही. मी ते मौन म्हणजे कबुली धरलं. ती चूक माझी होती, आणि कुठे कुठे होती हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. तेच इथे मांडते, कारण ही साधनं आता आमच्यासारख्या छोट्या गावांतल्या शिक्षकांच्या मोबाइलवरही आली आहेत.

आधी हे साधन नेमकं काय मोजतं ते पाहू. मुलीने फसवलं की नाही, हे त्याला कळायला काही मार्गच नाही. ते मोजतं ती लेखनाची अपेक्षितता. "रत्नागिरी हापूस..." एवढं वाक्य कोणासमोरही टाका, पुढचे शब्द सगळे एकच सांगतील : "आंब्यासाठी प्रसिद्ध आहे." लेखनात असे सहज अंदाज करता येणारे शब्द ओळीने आले, आणि वाक्यंही साधारण एकाच लांबीची, एकाच चालीची असली, की साधन म्हणतं हे यंत्राचं असावं. कारण लिहिणारं यंत्रही नेमकं तेच करत असतं. प्रत्येक ठिकाणी पुढे काय येण्याची शक्यता जास्त आहे ते पाहून शब्द ठेवत जातं. उलट एखाद्या पोराने लिहिलं, "आमच्या घरी हापूस विकायला असतो, खायला रायवळ," तर पुढचा शब्द कोणालाच ओळखता येत नाही, आणि साधन त्याला माणसाचं म्हणतं.

आता मराठी माध्यमातून आलेलं मूल इंग्रजी कसं शिकतं ते आठवा. आम्हीच त्यांना ठरावीक सुरुवाती देतो, ठरावीक जोडशब्द देतो, ठरावीक शेवट देतो. "अमुक गोष्ट महत्त्वाची भूमिका बजावते" हे वाक्य इंग्रजीत कसं लिहायचं ते फळ्यावर लिहून देतो आणि पाठ करून घेतो. मूल ते जसंच्या तसं उतरवतं, कारण स्वतःहून वाक्य रचलं तर चुकेल आणि गुण जातील ही भीती असते. म्हणजे जे मूल सर्वांत आज्ञाधारकपणे आमचं ऐकतं, त्याचं लेखन सर्वांत अपेक्षित होतं. आणि साधन बोट ठेवतं ते त्याच्यावरच.

हा माझा नुसता तर्क नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या साधनांना दिले. सगळे माणसांनी लिहिलेले. साधनांनी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले. अमेरिकी आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. त्याहून चटका लावणारी गोष्ट पुढची. त्याच ९१ निबंधांचे शब्द त्यांनी चॅटजीपीटीकडून जरा भारदस्त करून घेतले, आणि चुकीचा ठपका ६१ वरून सुमारे १२ टक्क्यांवर आला. स्वतः लिहिलेलं मूल पकडलं जातं, आणि तेच लेखन यंत्राकडून सजवून आणलं की सुटतं. आमच्या वर्गात याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

मग आकड्याचं काय करायचं? इथे एक हिशोब करून पाहू. वर्गात ६० मुलं आहेत. समजा त्यातल्या सहा जणांनी यंत्राकडून लिहून आणलं, ५४ जणांनी स्वतः लिहिलं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचंच एक ओळखणारं साधन काढलं होतं. त्यांनीच सांगितलं होतं की ते यंत्राच्या लेखनापैकी २६ टक्के ओळखतं आणि माणसांच्या लेखनापैकी ९ टक्क्यांवर चुकीचा ठपका ठेवतं. हे आकडे आमच्या वर्गाला लावा. सहापैकी एक किंवा दोन सापडतील. ५४ प्रामाणिक मुलांपैकी पाच जण विनाकारण अडकतील. म्हणजे शिक्षिकेच्या हातात सहा-सात नावांची यादी येईल, आणि त्यातली पाच निर्दोष असतील. खरे चार-पाच जण यादीत नसतीलच. अचूकता कमी पडते म्हणून कंपनीने ते साधन त्याच वर्षी जुलैमध्ये बंद केलं.

आज विकली जाणारी साधनं याहून बरी आहेत, असं त्या कंपन्या सांगतात. लेखन तपासायचं साधन विकणाऱ्या टर्निटिन कंपनीने आपली चूक एक टक्क्याहून कमी असल्याचं म्हटलं. एक टक्का ऐकायला काहीच नाही. पण अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हिशोब मांडला की २०२२ मध्ये त्यांनी टर्निटिनकडे ७५,००० लेखनं तपासायला दिली होती. त्यातली एक टक्का म्हणजे ७५० जणांवर खोटा आरोप. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी टर्निटिनमधली ही सोय बंद ठेवायचं ठरवलं. टर्निटिन स्वतःही आता २० टक्क्यांखालचा आकडा दाखवत नाही, कारण त्या पट्ट्यात चुका जास्त होतात.

आमच्याकडे यात आणखी एक गोंधळ आहे. तो मी बैठकांमध्ये प्रत्यक्ष ऐकला आहे : "दहा टक्क्यांपर्यंत चालतं ना?" हे दहा टक्के विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या नियमांतून आले आहेत. तो आकडा आधीच छापलेल्या मजकुराशी साम्य किती, याचा आहे. तिथे मूळ मजकूर उघडता येतो, दोन्ही शेजारी ठेवता येतात, मुलालाही दाखवता येतं की ही ओळ तिथली आहे. एआयच्या टक्क्यामागे असा कोणताही मूळ मजकूर नसतो. काही साधनांत तो आकडा म्हणजे "इतका भाग यंत्राचा वाटतो" असा असतो, काहींत "यंत्राचं असण्याची शक्यता इतकी" असा असतो. माझ्या पडद्यावरचे ७८ नक्की कशाचे होते हे तेव्हा मी तपासलंही नव्हतं. आणि ते एका मुलीसमोर वर्गात उच्चारले.

त्या मुलीकडे परत येते. पुढचे चार दिवस ती आली नाही. तिच्या शेजारी बसणारीने मला जिन्यात गाठून सांगितलं, "मॅडम, तिने खरंच स्वतः लिहिलंय, पण ती आता येणार नाही म्हणते." मग मी तिला निरोप पाठवला की शनिवारी शाळा सुटल्यावर वाचनालयात भेट, तुझी कच्ची पानं असतील ती आण, आणि मी चुकीच्या पद्धतीने विचारलं त्याबद्दल आधी मलाच बोलायचं आहे.

ती आली. मी पहिल्यांदा जे घडलं ते सगळं सांगितलं. तिची पानं कोणत्या साधनात घातली, आकडा काय आला, तो आकडा तिच्याबद्दल काही सिद्ध का करत नाही. आणि सगळ्यांसमोर विचारलं ही माझी चूक. मग तिची चार पानं तिच्याच हातात दिली. ही छोटी गोष्ट महत्त्वाची आहे. कागद शिक्षकाच्या हातात असला की तो पुरावा वाटतो, मुलाच्या हातात असला की ते त्याचं लेखन असतं.

त्यानंतर मी लेखन कोणी केलं याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. रापणीबद्दल विचारलं. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं की मासळी सगळ्यांत समान वाटली जाते. मी म्हटलं, "समान म्हणजे कशी ग?" ती हसली. आणि तिथून तिची भाषाच बदलली. इतका वेळ "हो मॅडम, नाही मॅडम" चाललं होतं, ती मालवणीत आली. "समान खंय मॅडम! जाळ्याचो वाटो येगळो, होडयेचो येगळो. वढूक इल्लेल्यांका त्यांचो वाटो." होडी जाळं घेऊन अर्धगोल मारते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, मग दोन रांगा करून माणसं ओढत आणतात. शेवटी जाळं जवळ आलं की रांगा एकमेकींकडे कशा सरकतात, हे तिने टेबलावर दोन पेन्सिली ठेवून दाखवलं. मोठं जाळं टाकणाऱ्या पर्ससीनच्या यांत्रिक बोटी जवळ आल्या तेव्हापासून किती वेळा रिकामं जाळं ओढलं जातं, हेही सांगितलं. यातलं बरंच त्या चार पानांत नव्हतं.

"मग हे का नाही लिहिलंस?"

"इंग्लिशात वाट्याक काय म्हणतत ता माका म्हायत नाय."

हळूहळू सगळं बाहेर आलं. तिने आधी मराठीत सहा पानं लिहिली होती, वहीतून फाडलेली ती पानं तिने सोबत आणली होती. मग मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये एकेक परिच्छेद घालून इंग्रजी केलं. ॲपने "वाटा" या शब्दाचं रस्ते केलं, म्हणून तिने तो सगळा परिच्छेदच काढून टाकला आणि त्या जागी पाठ असलेलं एक वाक्य टाकलं. साधनाने यंत्र हुंगलं ते अगदीच खोटं नव्हतं. पण मी ज्याला फसवणूक म्हणत होते तसंही काही नव्हतं. मजकूर तिचा, निरीक्षण तिचं, इंग्रजी अर्धं ॲपचं. आणि भाषांतराचं ॲप चालेल की नाही, हे मी काम देताना सांगितलंच नव्हतं. जो नियम सांगितला नाही, तो मोडल्याचा ठपका कसा ठेवणार?

आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. मराठी पानांवरून मजकुराचे गुण राहतील. इंग्रजीसाठी तिने फक्त वाट्यांचा परिच्छेद माझ्यासमोर बसून, शब्दकोश घेऊन लिहायचा. तिने लिहिला. व्याकरणाच्या नऊ चुका होत्या, आणि तो त्या चार पानांतला सर्वांत चांगला परिच्छेद होता.

आता दुसरी बाजू. सगळी मुलं निर्दोष असतात असं मला म्हणायचं नाही. त्याच वर्गातल्या एका मुलाने आंब्यावर लिहिलं होतं. साधनाने त्याला ६ टक्के दिले, म्हणजे साफ. पण त्यात लिहिलं होतं की देवगडच्या काळ्या मातीत हापूस चांगला होतो. देवगडला काळी माती? जांभ्याच्या कातळात सुरुंग लावून खड्डे करतात आणि त्यात लाल माती भरून कलमं लावतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. हा मुलगा तर बागायतदाराच्या घरातला. साधनाला हे दिसणं शक्य नव्हतं, मला दिसलं कारण मी इथली आहे. न जुळणारा तपशील, शोधूनही न सापडणारं पुस्तक, मुलाने वर्गात कधीच न वापरलेला शब्द आणि त्याचा अर्थ विचारल्यावर आलेलं कोरेपण, यांना मी टक्केवारीपेक्षा जास्त किंमत देते. तरी यातलं एकेकटं काहीही पुरेसं नसतं. चुकीची माहिती मुलाने गाइडमधूनही उचललेली असू शकते.

त्यालाही एकट्यालाच भेटले. म्हटलं, "तुझ्या बागेतली माती कशी आहे ते सांग." तो थोडा वेळ गप्प राहिला. मी घाई केली नाही. अशा वेळी शिक्षकाला गप्प बसणं फार जड जातं, आपणच उत्तर पुरवायला लागतो : "मोबाइलवरून घेतलंस ना? खरं सांग, काही करणार नाही." असं म्हटलं की संभाषण संपलं म्हणून समजा. घाबरलेलं मूल सुटका व्हावी म्हणून न केलेलंही कबूल करतं, आणि निर्ढावलेलं मूल ओळखून घेतं की मॅडमकडे पुरावा नाही. ज्या प्रश्नाचं कुठलंही उत्तर दिलं तरी मूल दोषीच ठरतं, तो प्रश्न विचारूच नये. "हे तू लिहिलंस का?" हा तसाच प्रश्न होता. हो म्हटलं तर खोटारडी, गप्प बसली तर अपराधी.

मुलगा शेवटी म्हणाला, "मॅडम, नाही लिहिलं मी. डिसेंबरपासून पप्पांबरोबर फवारणीला जातो. मोहोर आला की रात्री पण हिशोब असतात." त्याने एआयकडून लिहून घेतलं होतं आणि दुसऱ्या एका ॲपमधून वाक्यं फिरवून घेतली होती, म्हणून ६ टक्के. हे योग्य नाही असं मी त्याला स्पष्ट सांगितलं, त्या पानांना गुण दिले नाहीत. आणि आठवडा दिला. त्याने घरची फवारणीची वही आणली. कोणत्या तारखेला कोणतं औषध, तुडतुडे किती दिसले, पाऊस पडल्यामुळे कोणती फवारणी पुन्हा करावी लागली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक आणि वडील प्रत्यक्ष करतात ते, यांतला फरक त्याने दोन पानांत लिहिला.

इथे एक अडचण मान्य केली पाहिजे. ६० मुलांशी शनिवारी दुपारी निवांत बोलणं शक्य नाही. आणि फक्त संशयितांना बोलावलं, तर बोलावणं हाच आरोप होतो. वाचनालयात कोण गेलं हे तासाभरात सगळ्या गावाला कळतं. म्हणून आता मी सगळ्यांशीच बोलते, पण थोडं. लेखन जमा करताना प्रत्येकी तीन मिनिटं. साठ त्रिक एकशेऐंशी, म्हणजे घड्याळी तीन तास, आमच्या साधारण पाच तासिका भरतात. त्या मी शिकवण्यातून काढते. प्रश्न दोनच : यातलं कोणतं वाक्य लिहायला सर्वांत अवघड गेलं, आणि काय लिहून काढून टाकलंस? ज्याने लिहिलं त्याच्याकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा असतंच. हे जमा करतानाच करते, महिन्याने नाही. महिन्यानंतर स्वतः लिहिलेलंही विसरायला होतं, आणि ते विसरणं लबाडीसारखं दिसतं. काही मुलं तोंडी बोलायला मुळातच घाबरतात. त्यांना मी कच्ची पानं दाखवायला सांगते, बोलायला नाही.

ओळखणारं साधन मी आता वापरत नाही. ज्यांना वापरायचंच आहे त्यांनी निदान वर्गाला आधी सांगावं, मुलाचं नाव असलेलं पान त्यात घालू नये, आणि आकडा आला तर तो लेखन पुन्हा एकदा नीट वाचण्यापुरता धरावा. तो मुलापर्यंत नेऊ नये, पालकांपर्यंत तर मुळीच नाही. एका घरात "मॅडमच्या मशीनने तुझ्या पोरीला चोर ठरवलं" असं पोहोचलं की नंतर माफी मागूनही ते पुसलं जात नाही. मी हे पाहिलं आहे. त्या मुलीच्या आईशी बोलायला मला त्यांच्या घरी जावं लागलं होतं.

यंदा जूनमध्ये पहिल्याच तासाला एक कागद वाचून दाखवला. शब्दकोश चालेल. भाषांतराचं ॲप चालेल, पण आधीचं मराठी पान जोडायचं. एआयला विषय समजावून घ्यायला विचारलं तर चालेल, मात्र काय विचारलं ते शेवटी एका ओळीत लिहायचं. लिहून घेतलेलं चालणार नाही. कच्ची पानं फेकायची नाहीत. कोणावर शंका आली तर मी एकट्याला भेटेन, आणि माझ्याकडे काय आहे ते सगळं आधी सांगेन.

वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून एक हात वर आला. "मॅडम, तुम्ही वापरता काय?"

वर्ग एकदम शांत झाला. मी "हो" म्हटलं. मागच्या वर्षीच्या दुसऱ्या सत्रात रिकाम्या जागा भरायचा जो स्वाध्याय दिला होता, त्यातली वीसपैकी बारा वाक्यं मी तशी काढली होती आणि कोणाला सांगितलं नव्हतं. तो स्वाध्याय कोणता, तेही सांगितलं. त्याच मुलाने विचारलं, "मग शेवटी एक ओळ तुम्ही पण लिवतलास?"

तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्वाध्यायाखाली ती ओळ असते.